चौथ्या भागापासून सुरुवात

'स्टार वॉर्स' पहिल्यांदाच पाहायला बसणारा माणूस यादी उघडतो आणि साहजिकच भाग १ लावतो. इथेच गडबड होते, कारण भाग १ आला १९९९ मध्ये. मालिका सुरू झाली १९७७ ला, आणि त्या चित्रपटाला तेव्हा क्रमांकच नव्हता. 'भाग ४' हे लेबल त्याच्यावर चिकटलं १९८१ मध्ये, पुन्हा प्रदर्शित करताना. १९८० आणि १९८३ ला पुढचे दोन भाग आले. आधीची कहाणी सांगणारे भाग १ ते ३ त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९९९ ते २००५ मध्ये आले.

कथेच्या काळानुसार १ पासून गेलं तर काय बिघडतं? (ज्यांना रहस्य ठाऊक नाही, त्यांनी इथेच थांबलेलं बरं.) १९८० च्या चित्रपटात ल्यूक एका महान गुरूच्या शोधात दलदलीच्या ग्रहावर उतरतो. तिथे त्याला हिरवट, बुटका, त्याच्या सामानात हात घालणारा म्हातारा भेटतो. हाच योडा, हे ल्यूकला आणि आपल्याला एकाच वेळी कळतं. शेवटी डार्थ व्हेडर आपणच ल्यूकचे वडील असल्याचं सांगतो. भाग ३ आधी पाहिलेल्या प्रेक्षकाने योडाला लढताना पाहिलेलं असतं आणि जुळ्यांचा जन्मही. मग एवढ्या मोठ्या प्रसंगात त्याच्या वाट्याला उरतं ते फक्त ल्यूकचा चेहरा बघणं.

उलट भाग ३ ची सगळी ताकद अॅनाकिन पुढे कोण होणार हे आपल्याला माहीत असण्यात आहे. तो शोकांतिकेसारखा बेतलेला आहे. शेवट ठाऊक नसेल तर त्यातला बराचसा ताण निघून जातो. कोणत्याही मालिकेत मी हेच तपासून पाहते: नंतर बनलेला पूर्वार्ध आपल्याला काही ठाऊक आहे असं धरून चालतो का? तसं असेल तर प्रदर्शनाचा क्रम.

रॉड हिल्टन या प्रोग्रॅमरने २०११ मध्ये मधला मार्ग सुचवला: ४, ५, २, ३, ६. व्हेडरचं गुपित फुटलं की मागे जाऊन त्याची कहाणी बघायची आणि मग शेवटाकडे यायचं. युक्ती हुशार आहे, पण तीत भाग १ गाळला जातो आणि पाचव्या भागाचा लटकता शेवट दोन चित्रपट तसाच टांगून राहतो. पहिल्या खेपेला मी ती सुचवणार नाही.

कालक्रम दुसऱ्या वेळी लावावा. तेव्हा पॅल्पटीनच्या गोड बोलण्यामागचा डाव पहिल्या दृश्यापासून दिसायला लागतो. २०१६ चा 'रोग वन' १९७७ च्या चित्रपटाच्या अगदी उंबरठ्याशी येऊन संपतो. त्यामुळे दुसऱ्या फेरीत तो संपल्यावर लगेच भाग ४ लावावा, मध्ये चहाला उठू नये.