फोटो प्रिंटरच्या लेबलचा पाठवा

दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर प्रिंटरचा फोटो पाठवून ‘याचं कार्ट्रिज आहे का?’ असं विचारणं आता सर्रास झालं आहे. फोटो बहुधा समोरून काढलेला असतो. त्यावरून कंपनी कळते, फार तर मालिका कळते, पण कार्ट्रिज कळत नाही.

एचपीचे दोन प्रिंटर घ्या. डेस्कजेट 2131 आणि डेस्कजेट इंक अ‍ॅडव्हान्टेज 2135. दोन्हींची ठेवण सारखी, बटणांची जागा सारखी. तरीही भारतात विकल्या जाणाऱ्या 2131ला 803 क्रमांकाचं कार्ट्रिज लागतं आणि 2135ला 680. दोन्ही कार्ट्रिज दिसायलाही मिळतीजुळती आहेत, पण एकाचं दुसऱ्याला चालत नाही. चुकीचं बसवलं की प्रिंटर ते नाकारतो, आणि सील फोडलेलं खोकं दुकानदार सहसा परत घेत नाही. परदेशातून आणलेल्या प्रिंटरचा घोळ आणखी वेगळा. अमेरिकेत याच मालिकेच्या 2130ला 63 क्रमांकाचं कार्ट्रिज लागतं. मुलाने तिकडून आणलेल्या प्रिंटरला इथलं 803 बसेल, असं गृहीत धरू नका.

म्हणून कार्ट्रिज बदलताना उघडतो ते झाकण उघडा आणि आतल्या लेबलचा फोटो काढा. तिथे नसेल तर प्रिंटर बंद करून तळाशी किंवा मागे पाहा. त्यावर मॉडेलचं पूर्ण नाव असतं. तिथेच ‘रेग्युलेटरी मॉडेल नंबर’ नावाचा एक लांबलचक क्रमांक असतो, तो शासकीय नियमांसाठीचा. कार्ट्रिज शोधायला त्याचा उपयोग नाही. दुसरा फोटो जुन्या कार्ट्रिजच्या वरच्या लेबलचा काढा. दोन्ही जुळले की ऑर्डर द्या.

लेझर प्रिंटरमध्ये गोष्ट उलटी असते. तिथे वेगवेगळ्या चेहऱ्यांच्या प्रिंटरना एकच टोनर चालतो. एचपीचे 1018, 1020 आणि एम1005 हे तिन्ही 12ए वर चालतात. कॅननच्या एलबीपी 2900चं 303 हेही त्याच घडणीचं आहे, म्हणून कंपॅटिबल टोनरच्या खोक्यावर 12ए आणि 303 दोन्ही छापलेले दिसतात. पण पी1007 किंवा पी1008 असेल तर 88ए घ्यावं लागतं.

आता रिफिलकडे वळू. 803 किंवा 680मध्ये शाई सोडणारी छिद्रं कार्ट्रिजच्या बुडालाच असतात. म्हणून या क्रमांकांची ‘कंपॅटिबल’ कार्ट्रिज बहुतेक वेळा जुनीच डबी साफ करून पुन्हा भरलेली असतात. ती वाईट असतात असं मुळीच नाही. मात्र चाचणीचं पान छापून दाखवणाऱ्याकडूनच घ्यावीत.

घरी भरायचं असेल तर शाई पूर्ण संपायची वाट पाहू नका. या छिद्रांमागे बारीक तापणारे घटक असतात आणि त्यांना थंड ठेवण्याचं काम शाईच करते. कोरडं कार्ट्रिज रेटत राहिलात तर ते जळतात, मग कितीही शाई भरा, उपयोग नाही. काळ्या कार्ट्रिजला पिगमेंट शाई लागते, रंगीत कार्ट्रिजला डाय. बाजारातली स्वस्त काळी शाई बऱ्याचदा डाय असते. वाळलेल्या छपाईवर पाण्याचा एक थेंब टाकून पाहा. अक्षर पसरलं, तर शाई डाय आहे. रंगीत कार्ट्रिजमध्ये पिगमेंट भरू नका, छिद्रं तुंबतात. आणि तिन्ही रंगांची भोकं कुठली कुठली, हे आधी टूथपिक घालून टोकाला लागलेल्या रंगावरून ओळखा.

सिरिंजने शाई सावकाश सोडा. भोकाशी ती वर येऊ लागली की थांबा. मग कार्ट्रिजचं बूड किंचित ओल्या टिश्यूवर काही सेकंद टेकवा. तीन रंगांचे तीन स्वच्छ पट्टे उमटले, तर भरणं नीट झालं. पट्टे एकमेकांत मिसळले असतील तर शाई जास्त झाली. टिश्यूनेच थोडी टिपून घ्या. बसवल्यावर संगणक शाई संपल्याचं सांगत राहील, कारण त्याला भरणं कळत नाही. तो संदेश बंद करून छापत राहा.

भरलेल्या लेझर टोनरच्या पानावर एकच डाग ठराविक अंतराने उमटत असेल, तर पट्टी घेऊन मोजा. 12ए किंवा 88ए मध्ये हे अंतर सुमारे 75 मिलिमीटर आलं, तर पावडर निर्दोष आहे, आतला ड्रम खरचटला आहे. पुन्हा पावडर भरून घेण्याचे पैसे तिथे वाया जातात. ड्रम बदलून मागा.

इंकजेटचंही तसंच. प्रिंटरमधलं सफाईचं फंक्शन दोनदा चालवूनही टिश्यूवर एखादा पट्टा उमटत नसेल, तर त्या कार्ट्रिजवर आणखी शाई खर्च करू नका. नवीनच घ्या.