दूध मागे कधी वळवायचं?

भोसरी-चाकणकडच्या फॅब्रिकेशन शेडमध्ये एखादं स्किड तयार होताना पाहिलंत, तर आधी डोळ्यांत भरतं ते चकाकणारं स्टेनलेस स्टील. लोखंडी किंवा स्टीलच्या चौकटीवर पंप, प्लेट हीट एक्स्चेंजर, पाइप, व्हॉल्व्ह आणि कंट्रोल पॅनेल बसवतात, सगळं ट्रकवर चढवून कारखान्यात नेतात आणि तिथं वाफ, पाणी, हवा, वीज जोडतात. पॅनेलमधल्या पीएलसीत प्रोग्राम घातला की काम झालं, असं बाहेरच्याला वाटतं. पण त्या प्रोग्रामनं नक्की काय करायचं हे कोण ठरवतं? लिहून ठेवलं नसेल, तर रात्री उशिरा लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेला प्रोग्रामर ठरवतो. अनेकदा त्याला आपण काही ठरवतोय याचा पत्ताही नसतो.

म्हणून प्रोग्रामच्या आधी दोन कागद व्हावे लागतात. फंक्शनल स्पेसिफिकेशनमध्ये स्किडनं काय करायचं ते असतं: क्षमता किती, कोणते अलार्म, कोणती स्क्रीन, कोणता सेट पॉइंट कुणाला बदलता येणार. कंट्रोल नॅरेटिव्हमध्ये तेच वागणं साध्या वाक्यांत, क्रमानं उलगडलेलं असतं. पहिला कागद बरेच जण जुन्या कामावरून उचलून नाव-गाव बदलतात. दुसऱ्याला तसं करून चालत नाही.

तासाला ५,००० लिटर दूध पाश्चराइझ करणारं स्किड घेऊ. दूध ७२ अंश सेल्सिअसला किमान १५ सेकंद राहायला हवं, हा नियम. हे १५ सेकंद मोजायला घड्याळ नसतं. गरम झालेलं दूध होल्डिंग ट्यूब नावाच्या लांब पाइपातून जातं आणि त्याला तिथून बाहेर पडायला लागणारा वेळ म्हणजे ते १५ सेकंद. तासाला ५,००० लिटर म्हणजे सेकंदाला १.३९ लिटर, तेव्हा ट्यूबमध्ये जवळपास २१ लिटर दूध मावायला हवं. ट्यूबच्या शेवटी तापमापक TT-101 आणि त्याच्या पुढे वळवणारा व्हॉल्व्ह FDV-101. दूध पुरेसं गरम असेल तर पुढे, नसेल तर मागे बॅलन्स टँकमध्ये.

घाईत लिहिलेल्या नॅरेटिव्हमध्ये एकच वाक्य सापडतं: ‘TT-101 चे तापमान ७२ अंशांखाली गेल्यास FDV-101 दूध मागे वळवेल.’ वाचायला चोख. आता त्याला प्रश्न विचारू.

पुन्हा पुढे कधी सोडायचं? ७२ लाच मागे आणि ७२ लाच पुढे असं ठेवलं, तर तापमान त्या रेषेवर रेंगाळताना व्हॉल्व्ह नुसता फडफडत राहील. म्हणून मागे ७२.० ला, पुढे ७२.५ ला, आणि तेही तापमान काही सेकंद टिकल्यावर, असं आकड्यांसकट लिहावं लागतं.

तापमापकाची वायर तुटली तर? तो ४ ते २० मिलिअँपिअरचा करंट पाठवतो. ४ म्हणजे शून्य अंश, २० म्हणजे १०० अंश धरले, तर ७२ अंशांना १५.५२ मिलिअँपिअर येतात. ट्रान्समीटरपासून पॅनेलकडे येणारी वायर तुटली तर करंट शून्य होतो, पीएलसीला दूध गारढोण वाटतं आणि ते मागे वळतं. हे आपल्या पथ्यावर पडतं. पण बिघाड ट्रान्समीटरच्या अलीकडे, सेन्सरमध्येच झाला, तर अनेक ट्रान्समीटर सेटिंगप्रमाणे करंट २१ च्याही वर नेतात. पीएलसी म्हणतो, दूध उकळतंय, सोडा पुढे! कच्चं दूध पाश्चराइझ केलेल्या टाकीत जाणार आणि स्क्रीनवर सगळं हिरवंगार. यावर एकच वाक्य पुरतं: ‘करंट ३.६ च्या खाली किंवा २१ च्या वर गेल्यास तो बिघाड समजावा आणि दूध मागे वळवावं.’ कुणीतरी ते लिहायला मात्र हवं.

वीज किंवा हवेचा दाब गेला तरी व्हॉल्व्ह स्प्रिंगच्या जोरावर मागे वळवण्याच्या स्थितीतच यायला हवा. वीज परत आल्यावर स्किड आपलं आपण सुरू होता कामा नये. ही दोन्ही वाक्यं कागदावर हवीत, कारण त्यावरून व्हॉल्व्ह कोणत्या जातीचा मागवायचा ते ठरतं, आणि चुकीचा व्हॉल्व्ह वेल्ड झाल्यावर प्रोग्राम बदलून भागत नाही.

आता असा भाग, जो तापमापकाला दिसतच नाही. बाहेर टँकरची रांग लागली आहे, म्हणून ऑपरेटरनं पंपाचा वेग वाढवला आणि प्रवाह तासाला ५,५०० लिटर झाला. वाफेचा व्हॉल्व्ह जास्त उघडला, TT-101 वर ७३ अंश, सगळे खूश. पण ते २१ लिटर आता साडेतेरा सेकंदांतच ट्यूबबाहेर पडताहेत. म्हणजे दूध मागे वळवायला दुसरं कारणही हवं: प्रवाह जास्त होणं. आणि इथं खरी गंमत आहे. तापमान कमी झाल्यानं वळवलेलं दूध, तापमान सावरलं की थोड्या वेळात पुढे सोडता येतं. सेन्सर ते व्हॉल्व्ह एवढ्याच अंतरातलं गार दूध निघून जायचं असतं. प्रवाह जास्त झाल्यानं वळवलं असेल तर मात्र प्रवाह सावरल्यावरही पूर्ण १५ सेकंद थांबावं लागतं, कारण त्या क्षणी ट्यूबमध्ये असलेलं दूध वाटचालीचा काही भाग घाईत पार करून आलेलं असतं. प्रोग्रामरला हे सांगितलं नाही, तर तो दोन्हींना एकच टायमर लावणार. त्यात त्याचा दोष नाही.

असाच एक प्रश्न बूस्टर पंपाचा. गरम पाश्चराइझ्ड दूध थंड होता होता येणाऱ्या कच्च्या दुधाला ऊब देतं, आणि दोघांमध्ये असते फक्त एक पातळ प्लेट. प्लेटला भोक पडलं तर गळती पाश्चराइझ्डकडून कच्च्याकडेच व्हावी, म्हणून पाश्चराइझ्ड बाजूचा दाब सतत जास्त ठेवतात. दूध मागे वळलं की त्या बाजूचा प्रवाह थांबतो आणि दाब उतरू शकतो. कच्च्या बाजूचा बूस्टर तेव्हाही फिरत राहिला, तर पारडं उलटतं. तेव्हा FDV-101 पुढच्या स्थितीत नसेल तर बूस्टर बंद, आणि ‘पुढच्या स्थितीत’ म्हणजे पीएलसीनं दिलेला हुकूम नव्हे, व्हॉल्व्हवरच्या स्विचनं दिलेली खात्री.

हे सगळं ऑफिसात बसून सुचत नाही. डेअरीचा जुना ऑपरेटर चर्चेला असला, तर तो हमखास विचारतो, ‘साहेब, दूध असं किती वेळ गोल गोल फिरवायचं?’ वळलेलं दूध गरमच टाकीत येतं, पुन्हा तापतं, आणि काही वेळानं त्याला शिजल्याचा वास लागतो. अमुक मिनिटांनंतर वाफ बंद करून लाइनमध्ये पाणी घ्यावं, ही पायरी त्या प्रश्नातून येते. ते ‘अमुक’ किती, हे डेअरीनं सांगायचं. स्किडवाल्यानं अंदाजानं टाकू नये.

नॅरेटिव्हमध्ये सगळंच मावत नाही. वाफेच्या व्हॉल्व्हचं पीआयडी ट्यूनिंग प्रत्यक्ष दूध, निदान पाणी, वाहू लागल्यावरच जमतं. त्याचे आकडे आधी लिहिणं म्हणजे उगाच पान भरणं. पण लिहिलेल्या प्रत्येक वाक्याची शेडमधल्या चाचणीत एक ओळ व्हायला हवी. सिग्नल देणाऱ्या छोट्या उपकरणानं TT-101 च्या जागी १५.६ मिलिअँपिअर द्यायचे, हळूहळू खाली आणायचे आणि १५.५२ च्या खाली जाताच व्हॉल्व्ह वळतो का ते पाहायचं. मग २२ द्यायचे. जे वाक्य असं तपासता येत नाही, उदाहरणार्थ ‘तापमान योग्य राखले जाईल’, ते खोडून पुन्हा लिहायचं.

साइटवर बदल होतातच. ७२.५ चे ७३ होतात, टायमर वाढतो. त्याच दिवशी नॅरेटिव्हची नवी आवृत्ती, तारीख आणि बदलाचं कारण लिहून पॅनेलच्या खिशात ठेवावी. नाहीतर दोन वर्षांनी दुरुस्तीला आलेला माणूस जुन्या कागदाशी प्रोग्राम ताडून पाहतो आणि फरक दिसला की त्याला चूक समजून ‘सुधारतो’.