सळई कारखान्याचे कॅम्पस पत्र

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगार लोखंड इंडक्शन भट्टीत वितळते, त्याचे बिलेट ओतले जाते आणि रोलिंग मिलमधून बांधकामाची टीएमटी सळई बाहेर पडते. या कामाला डिप्लोमा झालेली मुले लागतात आणि ती शहरातल्याच पॉलिटेक्निकमध्ये शिकत असतात. मधला दुवा म्हणजे कारखान्याने टीपीओला, म्हणजे प्लेसमेंट अधिकाऱ्याला लिहिलेले एक पानभर पत्र. कोण अर्ज करणार आणि नेमलेल्यांपैकी किती जण टिकणार, हे बरेचसे या पानावर ठरते.

समजा, अशाच एका कारखान्याला सहा जण हवे आहेत. नेहमीच्या पत्रात ‘ट्रेनी इंजिनिअर, मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकल’ एवढेच असते. टीपीओ ते जसेच्या तसे फलकावर लावतो आणि मुलांना कामाचा पत्ताच लागत नाही. त्याऐवजी पत्रात लिहावे: दोन जण रोलिंग मिलच्या शिफ्टवर, स्टँडमधले रोल बदलणे आणि सळईचे माप राखणे या कामासाठी, दोन जण भट्टी आणि क्रेनच्या विद्युत देखभालीला, दोन जण प्रयोगशाळेत, वितळलेल्या धातूचा नमुना स्पेक्ट्रोमीटरवर तपासायला आणि सळई ताणून तिची ताकद मोजायला. प्रयोगशाळेसाठी रसायनशास्त्राचा बीएस्सीही चालेल, हे लक्षात आले की दुसरे पत्र विज्ञान महाविद्यालयालाही जाते.

शिफ्टचा उल्लेख टाळू नये. अनेक वर्षे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत औद्योगिक विजेला सवलत होती, त्यामुळे विजेवर चालणाऱ्या भट्ट्यांची रात्रपाळी या धंद्याच्या अंगवळणी पडली आहे. मंठ्याहून किंवा घनसावंगीहून येणाऱ्या मुलाला रात्रीची एसटी नसेल, तर राहायची सोय आहे का, हा त्याचा पगाराआधीचा प्रश्न असतो.

सर्वांत जास्त नुकसान पात्रतेच्या ओळीत होते. ‘दहावी, बारावी, डिप्लोमा, सगळीकडे 60 टक्के, एकही विषय मागे नको’ ही ओळ सॉफ्टवेअर कंपन्यांच्या पत्रांवरून उचललेली असते. दहावीनंतर आयटीआय करून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या मुलाकडे बारावीची गुणपत्रिका नसतेच. ऑनलाइन फॉर्ममध्ये तो रकाना सक्तीचा असेल तर फिटर किंवा इलेक्ट्रिशियनचे काम हाताने केलेला हा मुलगा तिथेच बाद होतो. माझ्या मते रोलिंग मिलला पहिला हवा असलेला उमेदवार तोच. म्हणून पत्रात लिहावे: ‘दहावीनंतर थेट किंवा बारावी अथवा आयटीआय करून आलेले, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी पात्र, नेमणूक अंतिम निकालावर अवलंबून.’

निवडीची पायरीही कामाला धरून असावी. इंग्रजी गटचर्चेत मिलच्या कामाची चुणूक दिसत नाही. अर्ध्या तासाच्या लेखी परीक्षेत एक प्रश्न असा द्यावा: 12 मिलिमीटर सळईचे एक मीटरचे वजन किती? व्यासाचा वर्ग करून 162 ने भागले की 0.89 किलो येते. मग विचारावे, नमुना 0.83 किलो भरला तर माल सोडाल का? भारतीय मानक 1786 नुसार या जाडीच्या एकेका नमुन्याला सहा टक्के तूट चालते, म्हणजे साधारण 0.835 पर्यंत. मानक मुलाला पाठ नसेल, ते प्रश्नातच द्यावे. तो भागाकार करून ‘नाही’ म्हणतो का आणि पुढे रोलचे माप तपासायला सुचवतो का, हे पाहायचे. त्यानंतर मुलाखत, आणि निवड जाहीर करण्यापूर्वी मुलांना एकदा भट्टीजवळ नेऊन आणावे. धग सोसणार नाही असे ज्याला वाटते, तो तिथेच सांगतो.

आणखी एक गोष्ट पत्रात स्पष्ट हवी: ही नोकरी आहे की अप्रेंटिसशिप? 30 किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार ठरावीक प्रमाणात अप्रेंटिस घ्यावेच लागतात. ते विद्यावेतनावर असतात आणि मुदत संपल्यावर नोकरी आपोआप मिळत नाही. ‘कॅम्पस’ म्हणून बोलावून हातात अप्रेंटिसशिपचा करार दिला, तर पुढच्या वर्षी ज्युनिअर मुले त्या कारखान्याच्या नावापुढे अर्जच भरत नाहीत. वसतिगृहात ही बातमी फार लवकर पोचते.

तरीही गळती होते, आणि तिचे मोठे कारण ठरलेले आहे. कॅम्पस शेवटच्या सत्रात होतो, निकाल उन्हाळ्यात लागतो, आणि लगेच अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाचे प्रवेश सुरू होतात. जूनमध्ये रुजू झालेला मुलगा प्रवेश मिळताच निघून जातो. बॉण्डची धमकी देऊन हे थांबत नाही. मुलाखतीतच ‘पदवीला जायचे आहे का’ असे मोकळेपणाने विचारावे, होकार देणाऱ्याला नापास करू नये, आणि सहा जागांसाठी दोन-तीन नावे प्रतीक्षा यादीत ठेवून ती यादी प्रवेश संपेपर्यंत जिवंत ठेवण्याची विनंती टीपीओला त्याच पत्रात करावी.