मोत्यांचा सर: फोटो कुठवर सांगतो?

मोत्यांच्या सराचा जवळून काढलेला फोटो बरेच सांगतो, पण निवाडा देत नाही. भोकाच्या कडेला पापुद्रे सुटून आत काच दिसली, तर मोती नकली. कडेशी पातळ थर आणि आत वेगळा गोल मणी दिसला, तर बहुधा संवर्धित. दोन मोत्यांमधल्या गाठींवरून मात्र फक्त ओवणाऱ्याची काळजी कळते. नकली मोतीही तसेच ओवतात. फोटो मोठा करून पृष्ठभाग पाहिला की झाले, असे कोणी म्हणेल. पण प्रकाशयोजना आणि फोटोवरची सफाई बारीक खाचाखोचा लपवते. दातावर हलकेच घासल्यास खरा थर किंचित खरखरीत लागतो, नकली बहुधा गुळगुळीत. तरी नैसर्गिक आणि संवर्धित हे दोन्ही खरखरीतच लागतात. म्हणून नैसर्गिक मोत्यांची किंमत मोजण्याआधी प्रयोगशाळेचा एक्स-रे तपासणीचा अहवाल मागा.