टिकलीने डोळा झाकला, कानाचं काय?

सांगलीच्या घरी टीव्हीवर वेबकॅम बसवला, तेव्हा वाटलं होतं की टीव्हीच्या यूएसबीत वायर खोचली की झालं. झालं नाही. टीव्हीचं ते पोर्ट बहुधा पेनड्राइव्हपुरतं असतं. कॅमेरा ओळखणारे टीव्ही मोजकेच. शेवटी जुना लॅपटॉप एचडीएमआयने टीव्हीला जोडला आणि कॅमेरा लॅपटॉपला. कॅमेऱ्याची साधी यूएसबी वायर वाढवायची असेल, तर एकूण पाच मीटरच्या आत ठेवा. त्यापुढे चित्र अडखळू लागतं किंवा कॅमेरा मधूनच गायब होतो.

आमचा टीव्ही भिंतीवर बराच उंच आहे. कॅमेरा त्याच्या डोक्यावर ठेवला, तर टोरांटोतल्या नातीला आजीचा अंबाडा आणि बाबांचं टक्कल तेवढं दिसलं. मग तो टीव्हीखालच्या शोकेसवर आणला, म्हणजे बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. कॉलची खिडकी पूर्ण पडद्यावर न ठेवता लहान करून खालच्या कडेला, कॅमेऱ्याच्या अगदी जवळ सरकवली. आता आई नातीकडे बघते, तेव्हा नातीलाही ती आपल्याकडेच बघतेय असं वाटतं. सोफ्यामागे बाल्कनी असेल, तर दिवसा पडदा ओढायलाच हवा, नाहीतर सगळे काळ्या सावल्या दिसतात.

आवाजाचं दुखणं वेगळं. नऊ फुटांवरून कॅमेऱ्याच्या माइकला माणसापेक्षा पंखा जास्त ऐकू येतो. शिवाय टीव्हीतून येणारा नातीचा आवाज तोच माइक पकडतो आणि तिला स्वतःचंच बोलणं परत ऐकू जातं. यावर उपाय म्हणजे टीपॉयवर ठेवायचा स्पीकरफोन. माइक आणि स्पीकर एकाच डबीत असल्याने प्रतिध्वनी तिथेच कापला जातो. मात्र अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये माइक आणि स्पीकर दोन्हींसाठी तोच निवडा. नाहीतर तो टीपॉयवर शोभेला राहतो आणि ऐकत असतो कॅमेराच.

कॉल संपला की आई कॅमेऱ्यावर टिकली चिकटवायची. डोळा झाकला, पण कान उघडाच! टिकलीने माइक बंद होत नाही, आणि कॅमेऱ्याचा दिवा बहुधा फक्त चित्राबद्दल सांगतो. (टिकलीचा गोंद भिंगावर राहून चित्र धुरकट झालं, ते निराळंच.)

खात्री करायची तर विंडोजच्या ध्वनी-सेटिंगमध्ये इनपुटपुढची पट्टी बघा. तिथे आधी कॅमेऱ्याचा माइक निवडा, भिंग झाका आणि बोला, पट्टी हलते. आईला हे दाखवलं, तेव्हा ती दोन मिनिटं गप्पच झाली. मग म्हणाली, "म्हणजे मी दुपारी फोनवर तुझ्या मावशीशी बोलते ते…?" तसं कुणी ऐकलं असेल असं नाही, पण ऐकू शकणारं यंत्र जोडलेलं होतं, एवढं खरं.

आता रविवारचा कॉल संपला की ती कॅमेऱ्याची आणि स्पीकरफोनची, दोन्ही वायरी लॅपटॉपमधून उपसते आणि सुपारीच्या रिकाम्या डब्यात ठेवते. टिकल्या परत आरशावर गेल्या आहेत.