मेलबर्नला निघालेल्या मुलाचा विमा

आमच्या वस्तीतला एक मुलगा शिकायला मेलबर्नला निघाला आहे. तिथला विद्यार्थी आरोग्य विमा पूर्ण मुक्कामाचा घ्यावाच लागतो, त्याशिवाय व्हिसा नाही. "मग इथल्या पॉलिसीतून त्याचे नाव काढतो," वडील म्हणाले. आम्ही त्यांना थांबवले. मुलाला दमा आहे. तिथल्या विम्यात जुन्या आजारासाठी सामान्यतः पहिले १२ महिने थांबावे लागते. इथे ही मुदत ३ वर्षांपर्यंत असते, आणि त्याची २ वर्षे भरली आहेत. नाव काढले की ती बुडाली. परतल्यावर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. घरची पॉलिसी तिकडच्या इस्पितळात सहसा चालत नाही, हे खरे. पण सुट्टीत घरी आल्यावर दम्याने गाठले तर? वडिलांनी नाव तसेच ठेवले.