थंडीत इडलीचं पीठ फुगवायचं तर

डिसेंबरात नाशिक-पुण्याकडे रात्रीचा पारा १०-१२ अंशांवर येतो आणि उन्हाळ्यात ८ तासांत भांड्याबाहेर येणारं पीठ सकाळी तसंच्या तसं बसलेलं दिसतं. मग आपण पातेल्याला शाल गुंडाळतो, वर गोधडी घालतो, तरी फरक पडत नाही. कारण पांघरूण ऊब तयार करत नाही, असलेली टिकवतं. थंडगार पीठ गुंडाळलं तर ते थंडच राहतं.

पीठ फुगवणारे जिवाणू उडदाच्या डाळीबरोबर आपोआप येतात. त्यांना सुमारे ३० अंश मानवतं. तेवढी ऊब मिळाली तर ८ ते १० तास पुरतात, २५ अंशांना १२ ते १४ लागतात आणि २० अंशांना १८ ते २४. १५ अंशांच्या खाली पीठ जवळजवळ ढिम्म राहतं. हे अंदाज आहेत, डाळ किती ताजी आहे यावरही पुष्कळ अवलंबून असतं.

म्हणून ऊब वाटतानाच द्यायला हवी. समजा, ३ वाट्या इडलीचा तांदूळ, १ वाटी उडीद डाळ आणि चमचाभर मेथ्या भिजवल्या आहेत. हिवाळ्यात भिजलेले दाणेही गार असतात, त्यामुळे वाटताना कोमट पाणी घाला. ते हाताला सुखद लागावं, चटका नको. कडकडीत पाण्याने जिवाणूच मरतात. मिक्सरच्या घर्षणानेही पीठ थोडं तापतं. एरवी ते टाळण्यासाठी आपण गार पाणी वापरतो, थंडीत मात्र ती उष्णता उपयोगी पडते. वाटून झाल्यावर पिठात बोट घातलं तर ते गारही लागू नये, गरमही.

संध्याकाळी ७ ला वाटलेलं पीठ अर्ध्या भरलेल्या पातेल्यात झाकून थर्माकोलच्या खोक्यात ठेवा. शेजारी गरम पाण्याची झाकणबंद स्टीलची बाटली ठेवा, पातेल्याला चिकटवू नका. झोपताना पाणी बदला. खोकं नसेल तर बंद मायक्रोवेव्हमध्ये उकळत्या पाण्याचा पेला ठेवूनही हेच साधतं. ओव्हनचा दिवा लावून ठेवायचा असेल तर तो जुन्या पद्धतीचा, तापणारा हवा. एलईडीचा उपयोग नाही.

सकाळी ७ ला, म्हणजे १२ तासांनी, पीठ दीडपट ते दुप्पट झालेलं असावं आणि डाव घातला की आत जाळी दिसावी. वास किंचित आंबूस हवा. जाळी कमी असेल तर पाणी पुन्हा बदलून आणखी ३-४ तास थांबा. आंबट वास जोरात येतोय पण पीठ बसलेलं आहे, तर बहुधा ते जास्त तापलं किंवा फार वेळ राहिलं. त्याची इडली दडस होते.

डोशाला एवढी वाट पाहायची गरज नाही. इडलीला हलकेपणासाठी पिठातली हवा लागते. डोसा पातळ पसरतो, त्यामुळे थोडं कमी फुगलेलं पीठही चालतं. सकाळी पीठ अर्धवट आलं असेल तर न्याहारीला डोसे काढावेत आणि उरलेलं उबेत तसंच ठेवून संध्याकाळी इडली लावावी.